चारांत एक, प्रत्येक वेळी

सांगलीतील एका व्यापारी कुटुंबात गेल्या वर्षी आठवड्याच्या अंतराने दोन कागद आले. पहिला प्रयोगशाळेचा जनुकीय अहवाल होता. तो इंग्रजीत, अवघ्या दीड पानाचा होता आणि त्याच्या शेवटी ठळक अक्षरांत इतकेच लिहिले होते की, पती व पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. घरातील सर्वांनी तो वाचला. मूळ कच्छमधील, परंतु तीन पिढ्यांपासून सांगलीकर झालेल्या या घरात त्यानंतर दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘नियतीत असेल ते चुकत नाही.’’ सुनेने आपल्या मनाशी निर्णय करून टाकला होता की, आता मूल नकोच.

दुसरा कागद म्हणजे पुण्याच्या जनुकीय समुपदेशिकेने या दांपत्याला लिहिलेले तीन पानांचे मराठी पत्र. प्रत्यक्ष भेटीत दीड तास बोलणे झाल्यावर त्याचा सारांश पत्ररूपाने देण्याची प्रथा या शास्त्रात आहे. त्यामागे अनुभव आहे. वाईट बातमीचे पहिले वाक्य कानी पडले की पुढची वाक्ये मनापर्यंत पोहोचत नाहीत. घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना काय सांगायचे हेही सुचत नाही. पत्र मात्र पुन्हा वाचता येते. या पत्राने काय सांगितले, आणि ते कोणत्या क्रमाने सांगितले, हे पाहण्यासारखे आहे.

पत्राचा प्रारंभ भविष्याने नव्हे, तर वर्तमानाने होतो. ‘आपण दोघेही निरोगी आहात आणि निरोगीच राहणार आहात. वाहक असणे हा आजार नाही. तो पुढे आजारात बदलतही नाही.’ हे वाक्य सर्वांत आधी येण्याचे कारण ‘थॅलेसेमिया मायनर’ या रूढ शब्दात दडले आहे. ‘मायनर’ म्हणजे किरकोळ, आणि किरकोळ आजार दुर्लक्ष केल्यास वाढून ‘मेजर’ होतो, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. वस्तुतः या दोन वेगळ्या अवस्था आहेत. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन तयार करण्यासाठी जी जनुके लागतात, त्यांपैकी बीटा ग्लोबिनचे जनुक अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्याच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात, एक मातेकडून आलेली आणि एक पित्याकडून. वाहकाच्या एका प्रतीत बदल असतो, दुसरी प्रत नीट काम करते; त्यामुळे रक्त किंचित फिके राहते, इतकेच. दोन्ही प्रतींत असा बदल असेल तेव्हाच मेजर. जन्मतः जी अवस्था आहे, ती आयुष्यभर तीच राहते.

यानंतर पत्र एका अवघड प्रश्नाकडे वळते, आणि घरातला खरा संताप याच प्रश्नाभोवती होता. विवाहापूर्वी दोघांचीही तपासणी झाली होती. पती वाहक असल्याचे तेव्हाच ठाऊक होते. पत्नीचा अहवाल मात्र ‘मर्यादेत’ आला होता, आणि त्याच भरवशावर विवाह ठरला. मग दोन वर्षांत ती वाहक कशी झाली? माहेरच्यांनी काही लपवले काय, असे कोणी उघड विचारले नाही. पण प्रश्न घरात फिरत होता.

याचे उत्तर आकड्यांत आहे, आणि पत्राने ते आकडे सावकाश उलगडून दाखवले. बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखण्यासाठी रक्तातील ‘हिमोग्लोबिन ए-२’ या प्रकाराचे प्रमाण मोजतात. वाहकांत ते सामान्यतः साडेतीन टक्क्यांहून अधिक, बहुधा चारच्या पुढे असते. विवाहापूर्वी पत्नीचे प्रमाण ३.४ टक्के आले होते, म्हणजे रेषेच्या अगदी काठावर. त्याच दिवशी तिचे हिमोग्लोबिन ८.८ होते, परंतु शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी झालीच नव्हती. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ए-२चे प्रमाण खाली येते आणि एखादा वाहक त्या आडोशाला लपू शकतो. येथे नेमके तसेच झाले होते.

पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भधारणेपूर्वीची तपासणी केली तेव्हा फेरिटिन ७ आढळले. तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते ४२पर्यंत चढले आणि हिमोग्लोबिनही १०.९ झाले, पण तेथेच थांबले. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ६४ राहिला. हा आकडा ८०च्या वर असावा लागतो. लोह भरून आले तरी पेशी लहानच का, ही शंका त्या डॉक्टरांना आली, आणि श्रेय द्यायचे तर त्या शंकेला द्यावे लागेल. त्यांनी कागदावर एक साधा भागाकार केला. पेशींचा आकार ६४. त्यांची संख्या एका घनमिलिमीटरमध्ये ५७ लाख, म्हणजे ५.७ दशलक्ष. ६४ला ५.७ने भागले की ११.२ येतात. हा भागाकार १३च्या खाली असला तर केवळ लोहाची कमतरता नसून थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा संभव अधिक, असा ठोकताळा आहे. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात तशा संख्येनेही घटतात. वाहकाच्या शरीरात मात्र लहान पेशी मुबलक तयार होत असतात. ठोकताळा म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून ए-२ची तपासणी पुन्हा झाली. या वेळी प्रमाण ४.६ टक्के आले. त्यानंतर दोघांच्या जनुकांची प्रत्यक्ष तपासणी झाली, आणि तोच तो दीड पानाचा अहवाल.

‘पहिली तपासणी खोटी नव्हती,’ असे पत्र म्हणते. ‘ती अपुऱ्या वेळी झाली होती. हा बदल आपल्याजवळ जन्मापासून आहे. तो आपल्याला किंवा आपल्या आईवडिलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.’ शेवटचे वाक्य सुनेसाठी कमी आणि घरातील इतरांसाठी अधिक होते, हे उघड आहे. पत्र घरात सर्वांच्या हाती जाणार, हे लिहिणाऱ्या बाईंना ठाऊक असले पाहिजे.

दोष कोणाचा, या विषयाला पत्राने आणखी चार ओळी दिल्या आहेत. भारतात सरासरीने शंभरांत तीन ते चार व्यक्ती या बदलाच्या वाहक आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा काही समाजांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आढळते, कारण पिढ्यान्‌पिढ्या विवाह आपापल्या वर्तुळातच होत आले. मुळात हा बदल टिकून कसा राहिला? वाहकांना घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असे. ज्या प्रदेशांत हिवतापाने मुले दगावत, तेथे वाहक तगले आणि त्यांचा वंश वाढला. ज्याला आज आपण दोष म्हणतो, त्याने कित्येक पूर्वजांचे प्राण वाचवले असतील.

आता तो आकडा, ज्याने घर स्तब्ध झाले होते. अहवालात ‘२५ टक्के धोका’ असे लिहिले होते. पत्राने ‘धोका’ हा शब्द वगळला आणि टक्क्यांऐवजी मुले मोजली. ‘आपल्यासारख्या जोडप्यांच्या शंभर गर्भधारणा डोळ्यांसमोर आणाव्यात. त्यांपैकी सुमारे २५ मुलांना दोघांकडूनही बदललेली प्रत मिळेल. त्यांना थॅलेसेमिया मेजर असेल. सुमारे ५० मुलांना एकाकडून बदललेली प्रत मिळेल. ती आपल्यासारखीच वाहक आणि निरोगी असतील. उरलेल्या २५ मुलांजवळ हा बदलच नसेल. म्हणजे शंभरांपैकी ७५ मुलांना या कारणासाठी कधीही रक्त चढवावे लागणार नाही.’ पंचवीस आणि पंचाहत्तर ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. परंतु केवळ एकच अंग लिहिले तर वाचणाऱ्याला दुसरे दिसत नाही. पत्राने दोन्ही लिहिली, आणि पंचवीसचा आकडा लहान करून दाखवण्याचा मोह टाळला.

अहवालातील एका तपशिलाने पतीला खोटी आशा वाटली होती. त्याच्या जनुकातील बदल ६१९ अक्षरांचा तुकडा गळाल्यामुळे झालेला होता. पत्नीचा बदल वेगळा, ‘आयव्हीएस १-५’ या नावाचा, भारतात सर्वाधिक आढळणारा. दोघांचे बदल निरनिराळे आहेत, तेव्हा ते एकत्र येऊन अपाय करणार नाहीत, असा त्याचा तर्क होता. पत्राने तो नम्रपणे दूर केला. बदल एकच असोत वा दोन, दोन्ही प्रती निकामी झाल्या की परिणाम तोच. मात्र दोन्ही बदल नेमके ठाऊक असण्याचा एक मोठा लाभ आहे: गर्भाची तपासणी करायची झाल्यास काय शोधायचे, हे प्रयोगशाळेला आधीच ठाऊक असते.

‘चारांत एक’ याचा अर्थ लावताना बहुतेकांची जी चूक होते, तिच्यावर पत्र थोडे रेंगाळते. पहिली तीन मुले निरोगी आणि चौथे आजारी, असा हा हिशेब नाही. तसेच पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असेही नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी हिशेब नव्याने, कोऱ्या पानावर सुरू होतो. मागील शिल्लक पुढे ओढली जात नाही. ज्यांना दोन अपत्ये हवी असतील त्यांनी पाऊण गुणिले पाऊण करावे. सोळांत नऊ, म्हणजे शंभरांत सुमारे ५६ वेळा दोन्ही मुले मेजरपासून मुक्त असतील. उरलेल्या ४४ वेळा निदान एकाला तरी मेजर असेल. हा गुणाकार सुखद नाही, पण तो न सांगणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे झाले असते.

थॅलेसेमिया मेजर म्हणजे काय, हेही पत्र झाकत नाही. असे बाळ जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याला काही महिने पुरते. सहा महिने ते दोन वर्षे या काळात ते फिके पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्ताबरोबर आलेले लोह हृदयात व यकृतात साठू नये म्हणून रोज औषध घ्यावे लागते. रक्त वेळेवर व सुरक्षित मिळाले आणि लोहावर नियंत्रण राहिले, तर ही मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, त्यांतील कित्येकांचे विवाहही होतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो; परंतु त्यासाठी जुळणारा दाता हवा, आणि सख्खे भावंड जुळण्याचा संभवही पुन्हा चारांत एकच.

येथवर वाचल्यावर ‘मग करायचे काय?’ हा प्रश्न अटळ होता. भेटीत पतीने तो अधिक धारदार करून विचारला होता. गर्भपात त्यांच्या घराला मान्य नव्हता. तो मार्ग नकोच, तर तपासणी करून उपयोग कोणता? पत्रातील सर्वांत मोठा परिच्छेद या प्रश्नाच्या उत्तराचा आहे, आणि त्यात त्यांच्या श्रद्धेशी कोठेही वाद घातलेला नाही.

गर्भाची तपासणी दोन प्रकारे होते. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या तंतूंचा अल्पसा नमुना घेतात, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. या प्रक्रियेमुळे गर्भपात होण्याचा संभव असतो. अनुभवी हातांत तो शंभरांत एकाहून कमी आहे. नमुन्यात मातेच्या पेशी मिसळल्या तर उत्तर चुकू शकते, म्हणून तशी मिसळ झालेली नाही ना, हे प्रयोगशाळा स्वतंत्रपणे तपासते. १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी केली, त्याच कायद्याने हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी अशी तपासणी करण्यास स्पष्ट अनुमती दिलेली आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या विषयात दीर्घकाळ काम करीत आहे.

‘तपासणी करणे आणि गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत,’ असे पत्र म्हणते. ‘पहिला घेतला म्हणून दुसऱ्याचे उत्तर ठरून जात नाही.’ गर्भाला मेजर आहे असे आधी कळले आणि तरी गर्भ ठेवला, तर बाळ फिके पडून, वारंवार आजारी होऊन मग निदान होण्याची वाट पाहावी लागत नाही. जन्मापासून रक्ततज्ज्ञांची देखरेख सुरू होते. पहिले रक्त चढवण्यापूर्वी बाळाच्या रक्तगटाचे सूक्ष्म उपप्रकार तपासून ठेवता येतात. हे काम नंतर कठीण होते, आणि ते झालेले असले की पुढे रक्त जुळवणे सोपे जाते. थोडक्यात, गर्भ ठेवणाऱ्यालाही आधी मिळालेले उत्तर कामाचे असते. ज्यांना गर्भाला सुई लागणेही नको असेल, ते गर्भकाळात काहीच न तपासता जन्मानंतर लगेच बाळाची जनुकीय तपासणी करू शकतात.

आणखी एक मार्ग गर्भधारणेपूर्वीचा आहे. प्रयोगशाळेत फलन करून पाचव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाच्या बाहेरच्या थरातील काही पेशी तपासतात आणि मेजर नसलेला भ्रूण गर्भाशयात ठेवतात. हा मार्ग गर्भपात टाळतो म्हणून अनेक धार्मिक कुटुंबांना पहिल्या ऐकण्यात निर्दोष वाटतो. समुपदेशिकेने येथे एक प्रामाणिक वाक्य लिहिले आहे, जे जाहिरातींत सापडत नाही: ‘यात वापरले न जाणारे भ्रूणही राहतात, त्यांविषयी आपल्या मनाला काय वाटते, हे आधीच ठरवावे.’ खर्च मोठा असतो, प्रत्येक प्रयत्नात गर्भ राहतोच असे नाही, आणि राहिला तरी वारेच्या नमुन्याने खातरजमा करण्याचा सल्ला देतात. याशिवाय दत्तक घेणे, दात्याचे बीज स्वीकारणे, किंवा चारांतील तीनवर विसंबून निसर्गतः मूल होऊ देणे, हेही पर्याय पत्रात त्याच शाईने, त्याच आकारात लिहिलेले आहेत. कोणत्याही पर्यायापुढे ‘योग्य’ असे लिहिलेले नाही.

सासूबाईंच्या नियतीचा विषयही नंतर घरात निघाला. त्यांच्या सासऱ्यांचे धाकटे बंधू निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचे वाचन चांगले आहे. ते म्हणाले, ‘‘वहिनी, आपल्याकडे कार्य घडण्याची कारणे पाच सांगितली आहेत. काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. तुम्ही एकटी नियती घेऊन बसलात. बाकीची चार कुठे ठेवलीत?’’ सासूबाईंना ते पटले की नाही, कोण जाणे. पण पत्र त्यांनी दुसऱ्यांदा, चष्मा लावून, स्वतः वाचले.

पत्राच्या शेवटच्या पानावर दोन कामे तारखांसह दिली होती. पहिले असे की, पाळी चुकून गर्भ राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात दूरध्वनी करावा. तपासणी करायची की नाही हे तेव्हाही अनिश्चित असले तरी चालेल. दहाव्या आठवड्यानंतर भेटीची वेळ, रक्ताचे नमुने आणि प्रवास या गडबडीत दिवस निघून जातात, आणि मग निर्णय माणसे घेत नाहीत, दिनदर्शिका घेते. दुसरे काम नातेवाइकांचे. पतीच्या आणि पत्नीच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाजवळ हाच बदल असण्याचा संभव दोनांत एक आहे. त्यांना देण्यासाठी एक पानाचा स्वतंत्र कागद जोडलेला होता. त्यात या दांपत्याच्या गर्भधारणेच्या विचारांचा उल्लेख नव्हता; बदलाची दोन नावे आणि कोणती तपासणी करावी एवढेच होते. तो कागद कोणाला द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या दोघांचाच, असेही पत्राने नमूद केले होते.

सुनेने तो कागद सर्वप्रथम सोलापूरला आपल्या धाकट्या बहिणीला पाठवला. तिच्या विवाहाची बोलणी चालू होती. दिवाळीनंतर बहिणीची तपासणी झाली. ए-२च्या आधी फेरिटिन पाहिले. ते ११ आले. तेव्हा बहिणीला प्रथम तीन महिने लोहाच्या गोळ्या देण्यात आल्या, आणि वराकडच्यांना निरोप गेला की उत्तर फाल्गुनात मिळेल.